शिलाई मशीनचं चाक जड फिरतंय? आधी जडपणा कुठे आहे ते शोधा, मग तेल घाला

मशीन जड चालायला लागलं की आपला हात आधी तेलाच्या कुपीकडे जातो. दिसेल त्या भोकात तेल सोडायचं, चाक दहा-वीस वेळा फिरवायचं, आणि जरा हलकं वाटलं की कापड घालून बसायचं. चार दिवसांनी मशीन पुन्हा तसंच. याचं कारण असं की जुनं तेल वाळून झालेला चिकटा आतच राहतो. नवं तेल त्याला थोडा वेळ मऊ करतं, पण बाहेर काढत नाही. शिवाय कित्येकदा जडपणाचा तेलाशी काही संबंधच नसतो. कुठेतरी दोरा अडकलेला असतो, नाहीतर पट्टा जास्त ताणलेला असतो.

इथे लिहितेय ते घरोघरी असलेल्या काळ्या, सरळ टाक्याच्या मशीनबद्दल. उषा, मेरिट, सिंगर, किंवा लुधियानाकडे बनलेली त्याच घडणीची मशीनं. हाताने फिरवायचं असो की पायाचं, वरचं डोकं जवळपास सारखंच असतं. झिगझॅगच्या किंवा प्लॅस्टिकच्या अंगाच्या मशीनला यातल्या सगळ्या गोष्टी लागू होत नाहीत. त्यांच्यात प्लॅस्टिकची दातचक्रं असतात आणि रॉकेलसारखी द्रव्यं त्यांना चालतीलच असं नाही.

जडपणा नक्की कुठे आहे

तेल हातात घेण्याआधी ही तपासणी करा. पाच मिनिटं लागतात आणि पुढचं निम्मं काम वाचतं.

सुई काढा. वरचा दोरा काढा, बॉबीन केस काढून बाजूला ठेवा, सुईजवळचा फूट वर उचला. पायाचं मशीन असेल तर चाकावरचा पट्टा उतरवा. हाताचं असेल तर हँडलची जी खिट्टी चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकते ती बाजूला वळवा, म्हणजे चाक हँडलपासून सुटं होईल. बॉबीन भरायचा छोटा दांडा चाकाला टेकलेला नाही ना तेही बघा. त्याचं रबर चाकाला घासत राहिलं की मशीन उगाच जड लागतं, आणि ही बाब भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते.

आता चाक नुसत्या हाताने, नेहमीच्या दिशेने, म्हणजे वरची बाजू आपल्याकडे येईल असं सावकाश फिरवा. एवढ्यानेच ते हलकं झालं असेल तर दोष डोक्यात नाही. पट्ट्यात, हँडलच्या दातचक्रांत किंवा खालच्या मोठ्या चाकात आहे. पायाच्या मशीनचं खालचं चाक पट्टा काढल्यावर हाताने झटका दिला तर आपलं आपण बरेच फेरे फिरलं पाहिजे. अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल तर त्याच्या आसापाशी वाकून बघा. तिथे बहुतेक वेळा केस आणि दोरे गुंडाळून दोरखंडासारखे घट्ट बसलेले सापडतात. ते ब्लेडने कापून काढायचे, तिथे आणि पायडलच्या दोन्ही टोकांना तेल द्यायचं, की झालं. पट्ट्याचा ताण बघताना तो दोन बोटांनी मध्यावर दाबा. थोडा आत गेला पाहिजे. सतारीच्या तारेसारखा ताठ असेल तर एक तुकडा वाढवून लांब करा.

डोकंच जड असेल तर पुढचा प्रश्न महत्त्वाचा. चाक पूर्ण फेऱ्यात एकसारखं जड आहे, की एकाच जागी अडतं?

एकसारखं जड म्हणजे वाळलेलं तेल. ते सगळ्या सांध्यांत थोडं थोडं असतं, म्हणून फेऱ्याच्या प्रत्येक क्षणी सारखाच विरोध जाणवतो. एकाच जागी अडत असेल तर तिथे काहीतरी आडवं येतंय. बॉबीन केसमागच्या शटलच्या खोबणीत दोरा, दातांखाली दाबून बसलेला कापसाचा थर, किंवा वाकलेला भाग. अडतं त्या क्षणी सुई कुठे आहे, खाली जाताना की वर येताना, आणि कापड ढकलणारे दात वर आहेत की खाली, हे नीट बघून ठेवा. नंतर शोधताना हीच खूण उपयोगी पडते.

आणखी एक सोपी कसोटी. टाका लहान-मोठा करायचा दांडा शून्यावर आणा आणि चाक फिरवा. मग तो सर्वांत मोठ्या टाक्यावर न्या आणि परत फिरवा. शून्यावर बऱ्यापैकी हलकं आणि मोठ्या टाक्यावर जड होत असेल तर दोष कापड पुढे ढकलणाऱ्या भागात आहे, म्हणजे मशीनच्या पोटात. दोन्हीकडे फरक नसेल तर वरचा मुख्य दांडा, सुईची बाजू किंवा शटल.

शेवटी चाकाच्या मधोमध असलेली गोल चकती सैल करा, बॉबीन भरताना करतो तशी. आता चाक एकटंच फिरायला हवं आणि सुईची जागा स्थिर राहायला हवी. चाक एकटं फिरवतानाही घट्ट लागलं, किंवा चकती सैल असूनही सुई त्याच्याबरोबर हलली, तर चाक आणि दांडा यांच्यामध्ये चिकटा धरलेला आहे.

हा चिकटा येतो कुठून

माझी मिरजेची मावशी आपल्या मशीनबद्दल सांगत होती, "अगं, मी तेल घालत्येच की. दर दिवाळीला."

"कुठलं?"

"करडईचं. घाण्यावरचं, चांगलं!"

करडईचं तेल हवेत वाळतं. जवसाचंही वाळतं, म्हणून तर ते रंगात आणि लाकडाला चोळायला वापरतात. पातळ थरात पसरलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू दाट, मग चिकट आणि शेवटी रोगणासारखं कडक होतं. सांध्यांत नेमका असाच पातळ थर असतो. शेंगदाण्याचं तेल इतकं वाळत नसलं तरी कालांतराने तेही खवट आणि चिकट होतंच. खोबरेल तर थंडीत थिजतं. सकाळी मशीन जड आणि दुपारी हलकं, असं थंडीत होत असेल तर आत खोबरेल असण्याची शक्यता धरा. त्या तेलाचा जुना थर नंतर पिवळट मेणासारखा जमतो.

दुसरा दोषी म्हणजे ग्रीस. सायकलच्या किंवा मोटारीच्या दुकानातून आणलेलं ग्रीस "टिकाऊ" म्हणून काही जण आत भरतात. या घडणीच्या डोक्यात दातचक्रं नाहीत, बारीक सांधे आणि दांडे ज्यांत फिरतात ते बुश आहेत, त्यांना पातळ तेलच लागतं. ग्रीस आतल्या फटीत शिरतच नाही, वर बसून धूळ आणि कापसाचे तंतू पकडतं, आणि त्यातलं तेल सुकलं की मागे मातीसारखा कडक थर उरतो.

चांगलं मशीन तेलसुद्धा फार वर्षं न हललेल्या मशीनमध्ये घट्ट होतं, पण त्याचा थर सहसा रॉकेलने लगेच सुटतो. करडईचा थर मात्र चिकट असतो, त्याला वेळ द्यावा लागतो.

काय काय लागेल

रॉकेल पाव लिटर पुरतं. रेशनवर आता ते सहसा मिळत नाही, पण काही हार्डवेअरच्या दुकानांत सुटं मिळतं. नाही मिळालं तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन तेच काम करतं, फक्त वास जास्त. पेट्रोल वापरू नका. ते भराभर उडतं, त्याच्या वाफा पेट घेतात, आणि कीट मऊ होण्याआधीच ते सुकून जातं. थिनर आणि स्पिरिटही नको. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी त्याने उतरते, आणि एकदा उतरली की परत येत नाही. रॉकेलसुद्धा नक्षीवर चोळू नका, ओघळलं तर लगेच मऊ फडक्याने टिपून घ्या.

याशिवाय मशीन तेलाची लांब नळीची कुपी, जुना टूथब्रश, चार-पाच दात कोरायच्या काड्या, जुन्या बनियनची फडकी, एक रुंद आणि एक बारीक स्क्रू ड्रायव्हर, खाली ठेवायला प्लॅस्टिकचा जुना ट्रे. रुंद स्क्रू ड्रायव्हर खाचेत नीट बसणारा हवा. लहान पात्याने जोर लावला की खाच फाटते आणि तो स्क्रू कायमचा डोकेदुखी होतो.

काम खिडकी उघडून, गॅस, समई आणि उदबत्तीपासून दूर करा. रॉकेलने भिजलेली फडकी गोळा करून घरात ठेवू नका, बाहेर पसरून वाळवा आणि मग टाका.

उघडायचं किती

थोडंच. स्क्रू दिसला की फिरवला असं करू नका. या मशीनमध्ये काही स्क्रू नुसतं झाकण धरतात आणि काही स्क्रू सांध्याचा ताण ठरवतात. झाकणाचे स्क्रू काढायचे, ताणाच्या स्क्रूंना हात लावायचा नाही. काय काढताय त्याचा मोबाईलवर आधी एक फोटो घ्या.

डावीकडची, सुईवरची प्लेट एक किंवा दोन स्क्रूंवर असते, ती काढा. मशीनच्या मागे खांबावर एक गोल झाकण असतं, ते एक स्क्रू सैल करून बाजूला सरकतं. सुईखालची पट्टी दोन स्क्रूंवर असते, तीही काढा. मग डोकं मागे कलतं करा, बिजागरीवर, आणि खाली नीट आधार द्या. पोट उघडं पडतं. एवढ्याने तेल लागणारी जवळपास प्रत्येक जागा समोर येते.

आधी कोरडी सफाई. टूथब्रश आणि काडीने दातांखालचा, शटलभोवतीचा, सुईदांडीजवळचा कापूस आणि धूळ काढून घ्या. हे न करता रॉकेल ओतलं तर सगळ्याचा लगदा होऊन आणखी आत जातो. शटल उघडायला कुठे दोन खिट्ट्या असतात, कुठे दोन स्क्रू. बाहेरची रिंग काढली की अर्धचंद्रासारखं शटल हातात येतं. त्याची बाजू उलटी बसू नये म्हणून काढतानाच फोटो घ्या. रिकाम्या खोबणीत काडीला फडकं गुंडाळून फिरवा. अडकलेला दोऱ्याचा तुकडा इथेच सापडतो, आणि तेवढ्यानेच मशीन मोकळं झालेलं मी अनेकदा पाहिलंय.

कीट सोडवणं

आता रॉकेल. दुसऱ्या रिकाम्या कुपीत भरा, म्हणजे थेंब नेमका पडेल. वरच्या हाताच्या पाठीवर तेलाची भोकं असतात, चाकाजवळ एक, पुढच्या तोंडाजवळ एक. ही मुख्य दांड्याच्या दोन बुशांवर उतरतात. त्यांच्यात कीट भरलेलं असेल तर आधी काडीने मोकळी करा, नाहीतर वरून घातलेलं बाहेरच ओघळेल. मग दोन-तीन थेंब प्रत्येकी. मागच्या गोल झाकणातून आत बघा. मुख्य दांड्यापासून खाली उतरणारी जाड कांब आणि तिच्या शेजारी दातांना हलवणारी, टोकाशी दुभागलेली पट्टी दिसेल. त्यांच्या प्रत्येक सांध्यावर थेंब द्या. पुढच्या तोंडात सुईदांडीच्या वरच्या-खालच्या बुशावर, सुईदांडीला दांड्याशी जोडणाऱ्या छोट्या दुव्यावर, आणि दोरा ओढणारी दांडी ज्या खाचेत फिरते त्या खाचेत. पोटात आडवे दांडे आहेत, ते दोन्ही टोकांना ज्या आधारात फिरतात तिथे, आणि जिथे जिथे एक भाग दुसऱ्यावर घासतो तिथे.

चाक फिरवू लागा, पण जोर लावू नका. सावकाश पुढे-मागे, थोडं थोडं. पाच मिनिटांनी सांध्यांतून तांबूस-काळं पाणी गळू लागेल. ते फडक्याने पुसा. परत थेंब, परत फिरवा, परत पुसा. गळणारं रॉकेल जवळपास स्वच्छ दिसायला लागलं की थांबा. बऱ्याच मशीनना तीन-चार फेऱ्या लागतात. मध्ये अर्धा-एक तास विश्रांती दिलीत तर रॉकेल आत जातं आणि काम हलकं होतं.

चाक अजिबात हलत नसेल, तर मशीन तेल आणि रॉकेल अर्धं-अर्धं मिसळून सगळ्या जागी सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी चाक दोन्ही हातांनी धरून किंचित पुढे, किंचित मागे. सुईदांडी केसभर हलली तरी समजा सुटायला लागलं. पुन्हा थेंब सोडा. चाकात लोखंडी कांब घालून ताकद लावणं, हातोडीने ठोकणं, हे नको. बिडाचं चाक तुटतं, आणि आतली कांब वाकली तर मशीन कामातूनच गेलं.

उष्णतेने चिकटा लवकर मऊ होतो. केस वाळवायचा ड्रायर असेल तर तो कोरड्या मशीनवर, रॉकेल घालण्याच्या आधी वापरा. सांध्यांत मशीन तेल सोडा, पाच-सात मिनिटं गरम हवा द्या, चाक हलवा. रॉकेल घातल्यावर ड्रायर मुळीच नको, आग लागू शकते.

चाकाच्या मागचा चिकटा

चाक आणि दांड्यामध्येच चिकटा असेल तर चाक उतरवावं लागतं. मधल्या गोल चकतीवर एक बारीक स्क्रू असतो, तो आधी काढा, हरवू नका. मग चकती पूर्ण फिरवून काढा. तिच्या मागे कान असलेली पातळ पितळी किंवा पोलादी चकती असते. तिचा फोटो घ्या, कारण ती कशी बसली होती याला फार महत्त्व आहे. मग चाक बाहेर ओढा. सहज येत नसेल तर दांडा आणि चाक यांच्या फटीत रॉकेल सोडून वाट बघा.

आत काय सापडतं? बहुतेक वेळा तपकिरी डिंकासारखा लेप, आणि त्याच्या मागे बुशाजवळ गुंडाळलेला दोरा. दोरा कापून काढा, दांडा आणि चाकाचं भोक रॉकेलच्या फडक्याने पुसा, लेप नखाने किंवा लाकडी काडीने सोडवा. पॉलिशपेपर लावू नका, तिथे बरोबर माप राखलेलं असतं. कोरडं करा, दांड्यावर एक थेंब तेल द्या, चाक परत बसवा. ती कानवाली चकती उलटी बसली तर लक्षण असं: चकती आवळूनही चाक सैलच राहतं, किंवा सैल करूनही सुटत नाही. तसं झालं तर ती अर्धा फेरा वळवून परत बसवा.

मग तेल, आणि लगेच

रॉकेल कीट नेतं, पण त्याच्याबरोबर उरलंसुरलं तेलही नेतं. रॉकेलने धुतलेला सांधा कोरडा लोखंडाचा असतो. आधी अगदी हलका फिरतो, म्हणून लोक फसतात आणि तसंच शिवायला बसतात. मग तो झिजतो आणि पावसाळ्यात गंजतो. त्यामुळे धुणं झालं की फडक्याने पुसा, अर्धा तास वाळू द्या, आणि त्याच दिवशी तेल घाला.

तेल पाण्यासारखं पातळ, स्वच्छ, बिनवासाचं हवं. दुकानात शिलाई मशीनचं तेल म्हणून मिळतं ते. इंजिन ऑइल, दरवाज्याच्या बिजागरीत घालायचं, डोक्याला लावायचं, काहीच चालत नाही. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात ते जाम सोडवायला ठीक, पण ते टिकाऊ वंगण नाही. त्यांच्यावर भरवसा ठेवून शिवू नका.

जागा त्याच, जिथे रॉकेल घातलं तिथेच. प्रत्येक ठिकाणी एक थेंब, मोठ्या बुशांना दोन. क्रम ठरवून घ्या म्हणजे एकही सुटत नाही. मी वरून सुरू करते: वरची दोन्ही भोकं, चाकाचा दांडा, पुढचं तोंड, मागचं गोल झाकण, मग पोट. पोटात सर्वांत जास्त विसरली जाते ती जागा म्हणजे दातांखालच्या पट्टीचे दोन्ही बाजूंचे टोकदार स्क्रू. आणि शटलच्या खोबणीत एक थेंब. तिथे तेल नसेल तर मशीन खडखडतं आणि तिथल्या तिथे तापतं. पण दोन थेंब झाले की ते दोऱ्याला लागून पांढऱ्या कापडावर डाग पडतो.

चाक एकशेएक वेळा तरी फिरवा. सावकाश, मग थोडं जोरात. हातात फरक स्पष्ट जाणवतो: सुरुवातीला थोडं ओढल्यासारखं, मग एकदम गुळगुळीत.

मावशीच्या मशीनचं काय झालं

तिचं मशीन काळं, पायाचं, बऱ्याच वर्षांचं. वरची तपासणी केली तर पट्टा काढल्यावरही चाक जड, आणि एकसारखं जड. त्याशिवाय फेऱ्यात एक जागा होती जिथे ते आणखी अडायचं, सुई वर येताना. टाका शून्यावर आणला तर थोडं हलकं व्हायचं, पूर्ण नाही. म्हणजे दोन वेगळे दोष एकत्र होते.

मागचं गोल झाकण उघडलं तर आतली कांब पिवळ्या, चकचकीत, पारदर्शक थराने मढलेली. नख लावलं तर निघत नव्हतं, करडईचंच ते. रॉकेल सोडलं तर पहिल्या तासात काही हललं नाही. दुसऱ्या फेरीत तो थर फिकट आणि रबरासारखा झाला, आणि लाकडी काडीने पापुद्र्यासारखा सुटायला लागला. संध्याकाळपर्यंत एकसारखा जडपणा गेला.

पण ती अडणारी जागा तशीच. सुई वर येताना अडतं म्हणजे त्या वेळी काय हलतं, हे पाहायचं. सुई वर असते तेव्हा दात वर येऊन कापड ढकलतात. म्हणून सुईखालची पट्टी काढली. दातांच्या ओळींमध्ये कापसाचा थर दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झाला होता. दात वर येताना तो थर पट्टीच्या खालच्या अंगाला टेकायचा आणि तेवढ्या क्षणी चाक अडायचं. सुई उलट्या बाजूने धरून तो थर खरवडून काढला, दोन तुकडे बोटाच्या पेरासारखे निघाले. चाक एका बोटाने फिरायला लागलं. मावशीने ते तुकडे वर धरून पाहिले आणि म्हणाली, "हे तर माझ्या वाकळेचं पोट आहे!" ती सगळी वर्षं वाकळा शिवत होती.

तरीही जड असेल तर

धुऊन, तेल घालूनही जड लागत असेल तर पोटातल्या दांड्यांच्या टोकांचे टोकदार स्क्रू कोणी आधी आवळले होते का याचा विचार करा. ते थोडे जास्त आवळले तरी दांडा जाम होतो. त्यांच्यावरचा नट सैल करून स्क्रू अगदी किंचित, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा, मागे घ्यायचा, नट परत आवळायचा आणि हाताने दांडा मागे-पुढे हलवून बघायचं: खेळ नको आणि जडपणाही नको. स्क्रूला हात लावण्याआधी पेनने खूण करून ठेवा, म्हणजे परत होतं तिथे आणता येईल. हे एवढंच घरी करण्यासारखं आहे.

सुईदांडी खालून वर जाताना एका जागी कचकचत असेल, वरून खाली बघताना ती वाकडी दिसत असेल, चाक बाजूला हलवलं की दांडा बुशात खडखडत असेल, किंवा शटल काढल्यावरही तीच एक जागा अडत असेल, तर कारागिराकडे न्या. हे भाग मापात बसवलेले असतात. घरी सुटे केले तर सुई आणि शटलची वेळ बिघडते आणि मशीन हलकं होऊनही टाका सुटतो.

सगळं नीट झालं असेल तर पट्ट्या आणि झाकणं बसवा, बॉबीन केस घाला, सुई नवी लावा. पहिल्या दिवशी जुन्या, टाकाऊ कापडाच्या चिंध्यांवर शिवा. सुईदांडीवरून आणि शटलमधून तेल उतरत राहतं. चिंधीवर डाग पडणं थांबलं की मग चांगलं कापड. रात्रभर मशीन झाकताना फूटखाली एक फडकं ठेवा.

पुढे, रोज दोन-चार तास शिवणारे असाल तर शटलला दर दिवशी एक थेंब आणि बाकीच्या सगळ्या जागांना आठवड्यातून एकदा. महिन्यातून कधीतरी उसवलेलं शिवणारे असाल तर शिवण्याआधी एकदा. मशीन कित्येक महिने बंद राहणार असेल तर ठेवण्याआधी तेल घाला आणि पंधरा-वीस दिवसांनी चाक सहज चार फेरे फिरवा, विशेषतः कोकणात पावसाळ्यात.